बांधावरून गाठीपर्यंत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडलांच्या आधी अंबाजोगाईच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या मॅडमचं नाव घेतो. आईवडलांनी मला जे दिलं त्याला मी उपकार म्हणत नाही, म्हणून हा क्रम. मॅडमना मात्र मला काही देण्याचं कारण नव्हतं. मी तेलगावजवळच्या एका वस्तीवरून आलेला, घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला मुलगा होतो. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचो आणि शंका विचारायचो नाही. त्यांनी मला जवळ बसवून एक गोष्ट शिकवली. ती नोकरीत कधी कामाला आली नाही. पण आमच्या घरात ती एकदा कामाला आली, त्याबद्दल हे लिहितो आहे.

मॅडमची कविता ऐकायची एक पद्धत होती. मुलानं स्वतःची कविता आणली की त्या कागद हातात घेत नसत. "तू वाच," म्हणत, डोळे मिटत आणि उजवा हात डोक्याच्या वर धरत, पंजा पालथा करून. कविता आभाळाबद्दल बोलत असेल तर हात वर राही. ती डोंगरावर आली की हात कपाळाशी येई. मग झाड, मग घर, मग दार. हात तसतसा खाली सरके. कविता एकदम लांबून जवळ आली, मधलं काही न दाखवता, की मॅडम हात तसाच सोडून देत. तो टेबलावरच्या काचेवर आपटे. "पडले मी," त्या म्हणत. "परत उचल मला." वर्गातली पोरं या सवयीची नक्कल करायची. खोलीतला माझा दोस्त तर मेसमध्ये आमटी वाढणाऱ्यापुढेही हात वरून खाली आणून दाखवायचा. मीही हसायचो. त्या हाताचा अर्थ मला तोवर लागलेला नव्हता.

त्या वर्षी पाऊस पडला नव्हता. आमच्या गावच्या दूध संस्थेनं पाझर तलावाच्या मागच्या माळावर चारा छावणी काढली होती. सहकारी संस्थांनी छावण्या चालवायच्या, असंच तेव्हा सगळीकडे होतं. लोक आपापली जनावरं तिथं नेऊन बांधत आणि घरातलं एक माणूस त्यांच्याजवळ राही. आमच्याकडून आबा, म्हणजे माझे वडील, राहिले. आमची एक म्हातारी तांबडी गाय होती आणि एक कालवड. माय घरी राहिली, कारण धाकटी बहीण होती, शेळ्या होत्या आणि टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. टँकर आला आणि दारात माणूस नसलं तर त्या दिवशी पाणी नाही. त्यामुळे छावणी चार महिने चालली, पण मायनं ती कधी पाहिली नाही. ती गावातून तलावाच्या बांधाच्या पायथ्यापर्यंत सरपण गोळा करायला यायची, तेवढाच तिचा त्या बाजूचा फेरा.

मी शनिवारी एसटीनं गावाकडे यायचो. फाट्यावर उतरलं की वाट तलावाच्या बांधावरून जाते. मी घरून भाकरीचा डबा घेऊन छावणीत जाई, आबांजवळ बसे आणि अंधार पडायच्या आत परत फिरे. आम्ही फार बोलायचो नाही. आबा विचारायचे, "कॉलेजात पाणी हाय का?" मी म्हणायचो, हाय. "मंग झालं."

वैशाखात एका दुपारी आबा दावणीतच, गुरांच्या रांगेत, आडवे झाले. त्याच दावणीतल्या शेजारच्या धनगरानं पाणी मारलं, संस्थेच्या दुधाच्या टेम्पोत घातलं. आधी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून त्यांनी अंबाजोगाईला मेडिकलला, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, पाठवलं. मी अंबाजोगाईतच होतो, म्हणून घरच्यांच्या आधी मीच तिथं पोचलो. डॉक्टरनं सांगितलं, "वाटेतच गेलेत." मी बरं म्हणालो. मला आठवतं, मी खरंच "बरं" म्हणालो.

त्यानंतरचे दिवस मी सगळी कामं नीट केली. दहावं, तेरावं, नातेवाइकांच्या गाड्या, छावणीतून गाय आणि कालवड घरी आणणं. मग निकाल लागला, मी बी.ए. झालो, गुणपत्रक आणलं आणि मायच्या हातात दिलं. तिनं ते देवळीत ठेवलं. एम.ए.ला नाव घातलं. लोक म्हणायचे, पोरगं घट्ट आहे. मी घट्ट नव्हतो. कुणीतरी माझ्यावर जाड गोधडी टाकली होती आणि सगळं तिच्या पलीकडून ऐकू यायचं, असं ते होतं. रडू यावं म्हणून मी एकदा मुद्दाम आबांची चप्पल हातात घेऊन बसलो. काही झालं नाही. मी ती चप्पल जागेवर ठेवली.

पुढे पाऊस झाला, थोडा उशिरा, पण झाला. भादव्यात दूध संस्थेचा वार्षिक अहवाल घरी आला. सर्वसाधारण सभेच्या आधी तो प्रत्येक सभासदाच्या घरी येतो. मायनं तो माझ्यापुढे टाकला.

"वाच."

"काय वाचू? दुधाचे आकडे हायेत."

"ते न्हाई. मेलेल्या मान्सांचं पान आस्तंय ना, ते वाच."

सहकारी संस्थेचा अहवाल ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते पान माहीत असतं. विषय क्रमांक एकच्या आधी श्रद्धांजली असते. मी वाचायला लागलो. आधी देशाचे थोर नेते, मग सीमेवरचे जवान, मग चित्रपट आणि संगीत क्षेत्रातले दिग्गज, मग राज्यातले सहकारमहर्षी, मग जिल्ह्यातले माजी आमदार, मग तालुक्यातल्या मान्यवरांचे वडील आणि मातोश्री, "तसेच मागील सभेनंतर दिवंगत झालेले संस्थेचे ज्ञात-अज्ञात सभासद, या सर्वांना भावपूर्ण श्रद्धांजली."

माय थांबून राहिली. "मंग?"

"संपलं."

"आन तुझा बाप?"

"त्या शेवटच्यात."

"कशात?"

"ज्ञात-अज्ञात. म्हणजे माहीत असलेले आणि नसलेले सभासद."

"माहीत नसलेला?" माय म्हणाली. "त्या संस्थेचा पैला कॅन कुणी वाहिला रं? त्यांच्याच छावणीत मेला की त्यो. कावून माहीत नसंल?"

तिनं पदर खोचला आणि ती तशीच सेक्रेटरींच्या घरी गेली. मी मागून गेलो. सेक्रेटरी आमच्याच भावकीतले, वाईट माणूस नव्हते. ओट्यावर दात घासत होते.

"वहिनी, अहवाल छापून आला. आता त्यात कसं घालू? सगळ्यांचीच नावं घालायची तर पुस्तक हुईल."

"मला पुस्तक नगं. सभंत त्यांचं कायतरी झालं पायजे. नुसतं उभं ऱ्हाऊन बसू नका."

सेक्रेटरींनी चूळ भरली आणि माझ्याकडे पाहिलं. "भैय्या कविता करतो ना? कॉलेजच्या अंकात आलती म्हणं. श्रद्धांजलीच्या येळंला दोन मिनिटं माईक देतो. म्हण एखादी. दुष्काळावर म्हण, लोकायला आवडतं. आन चेअरमनसाहेबांनी छावणी काढली, तेबी त्यात येऊ दे. मंग मला बोलता येतंय त्यांच्याशी."

वाटेत माय म्हणाली, "मी छावणी पाह्यली न्हाई. तू सांग त्यात, ते कसं व्हते तिथं. मला बी कळंल, लोकायला बी कळंल." तिला त्या कवितेतून हवं होतं ते एवढंच. मी हो म्हणालो. हो म्हणणं तेव्हा मला सोपं जायचं.

खोलीवर बसून मी कविता लिहिली. वेळ लागला नाही. दोस्त पलंगावरून म्हणाला, "काय बे, झाली बी? बापावरची कविता हाय का प्रवेशअर्ज?" त्याला टोचायचं नव्हतं, तो बोलायचाच तसं. मी कागद घडी करून मॅडमच्या विभागात गेलो. त्या उत्तरपत्रिका तपासत होत्या. मी सगळं सांगितलं: सभा, माय, दोन मिनिटं. त्यांनी पेन बाजूला ठेवलं, चहाचा कप काचेच्या कडेला सरकवला, डोळे मिटले, हात वर धरला.

मी वाचलं:

हे आकाशा, किती रे निष्ठुर तू,
धरणीमाय भेगाळली, नद्या आटल्या,
मुक्या गुरांच्या डोळ्यांत आसवं दाटली,
आणि माझा बाप गेला.

पहिल्या ओळीला हात वर होता. दुसरीला कपाळाशी आला. तिसरीला तो एकदम खाली आला, परत वर गेला, घुटमळला. चौथीला तो टेबलावर आपटला. कप काचेवर खडखडला.

"पडले," मॅडम म्हणाल्या. डोळे उघडून त्यांनी तळहात चोळला. "हे कोण बघतंय?"

"म्हणजे?"

"आकाश, जमीन, नद्या, गुरांचे डोळे. हे सगळं एकाच वेळी ज्याला दिसतं तो कुठं उभा आहे?"

मी विचार केला. "कुठंच नाही."

"मग देव बघतोय. देवाला बाप नसतो. तू कुठून बघायचास तुझ्या वडलांना?"

मी त्यांना बांध सांगितला. फाट्यापासून बांध, बांधावरून उतार, मग छावणीचं फाटक.

"झालं तर. आकाश सोड. बांधावर उभा राहा आणि तिथून जे दिसतं तेवढंच लिही. मग एक एक पाऊल जवळ ये. परवा आण."

मी परवा आणली. या वेळी मी पायऱ्या नीट घातल्या होत्या, निदान मला तसं वाटत होतं. महाराष्ट्रात मराठवाडा, मराठवाड्यात बीड, बीडमध्ये आमचा तालुका, तालुक्यात गाव, गावाच्या शिवेला माळ, माळावर छावणी, छावणीत दावण, दावणीत आबा, त्यांच्या कपाळावर घामाचा एक थेंब. मोठ्यातून लहान, कुठेही उडी नाही. मॅडमचा हात टप्प्याटप्प्यानं खाली आला, पण कसा, तर लिफ्टसारखा: थांबे, खाली येई, थांबे. शेवटी त्या हसायला लागल्या. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"अरे, हा रेशनकार्डावरचा पत्ता आहे!" त्या म्हणाल्या. "जिल्हा कुणी पाहिलाय? तालुका डोळ्यांना दिसतो? नकाशा खाली उतरतोय, नजर उतरत नाहीये."

मला एकदम ते अहवालातलं पान आठवलं. देश, राज्य, जिल्हा, तालुका, आणि शेवटी ज्ञात-अज्ञात. मी तेच केलं होतं. आमच्याकडे भाषण असंच सुरू होतं: व्यासपीठावरच्या मोठ्या माणसापासून खाली, खुर्चीमागून खुर्ची. लहानपणापासून मी सभांतून तेच ऐकत आलो होतो आणि मोठ्याकडून लहानाकडे येण्याची दुसरी रीत असते हे मला माहीतच नव्हतं. मी हे मॅडमना सांगितलं. त्यांचं हसू थांबलं.

"हो," त्या म्हणाल्या. "त्या उतरणीला माणूस लागत नाही. हुद्दा संपला की उतरण संपते."

मग त्यांनी मला शिकवलं. मी त्या दुपारी जे लिहून घेतलं ते आजही पाठ आहे.

पहिलं असं की, लांबून जे दिसू शकतं तेवढंच लांबच्या ओळीत असावं. बांधावरून चेहरा दिसत नाही, डोळे दिसत नाहीत, शेणाचा वास येत नाही. आवाज मात्र आधी पोचतो. "बांधावर तुला काय ऐकू यायचं?" मी म्हणालो, चारा कापायचं कडबाकुट्टीचं मशीन. "दिसायचं काय?" हिरव्या जाळ्या. उन्हासाठी लोकांनी बांधलेल्या. "कशासारख्या दिसायच्या?" मी म्हणालो, कुणी माळावर लुगडी वाळत घातल्यासारख्या. "हे लिही. आसवं खोड."

दुसरं असं की, पुढची लहान गोष्ट आधीच्या मोठ्या गोष्टीच्या पोटात आधीपासून असायला हवी. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की ती तिथंच होती, आपल्याला दिसली नव्हती इतकंच. आणि एकातून दुसऱ्यात जायला नजरेला धरायला काहीतरी लागतं. "गाईपासून माणसापर्यंत कसा जाशील? मधे काय आहे?"

"दावं आहे."

"मग दावं धर आणि त्यावरून चालत ये. नजर दोरीवरून घसरत गेली पाहिजे, टुणकन नाही."

तिसरं ओळींचं. लांबून गोष्टी पुष्कळ असतात, म्हणून अनेकवचन आणि लांब ओळ. जवळ येताना गोष्टी कमी होतात, म्हणून एकवचन, आणि ओळ आखूड. विशेषणं वाटेत गळत जायला हवीत. शेवटी नुसतं नाम उरलं तरी चालतं. लांबच्या ओळीत "रोज असं असतं" म्हणता येतं. अगदी जवळ गेलं की रोज नसतो, एकच क्षण असतो.

मी भीत भीत सेक्रेटरींचं सांगितलं. चेअरमनसाहेब यायला पाहिजेत.

"येऊ देत की. फाटकावर फलक आहे ना? त्यावर त्यांचं नाव आहे ना? तू फलकाखालून जातोसच. वाच आणि पुढे चल. खोटंही नाही आणि थांबणंही नाही."

मग त्या घामाच्या थेंबावर आल्या. हात परत टेबलापासून वीतभर वर धरला. "इथं माझा हात अडकला. हा थेंब तू पाहिलास?"

"नाही. घालायचा म्हणून घातला. लहान पाहिजे होतं काहीतरी."

"लहान असून भागत नाही. तिथं खरोखर असलेलं पाहिजे." मला वाटलं, आता त्या विचारतील, तुला काय वाटलं त्या दिवशी. सगळे तेच विचारायचे आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. त्यांनी ते विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "मेडिकलला तू एकटाच होतास. किती वेळ?"

"घरचे येईपर्यंत."

"त्या वेळात तुझे डोळे कुठं होते?"

हे मला सांगता आलं. न अडखळता आलं. डोळे आबांच्या उजव्या अंगठ्यावर होते. म्हाताऱ्या गाईचे दात झिजलेले, तिला छावणीतला ऊस चावत नसे. आबा विळ्यानं त्याच्या बारीक चकत्या करून तिला घालत. विळा अंगठ्याला लागे, म्हणून ते चिंधी बांधत. मी शनिवारी गेलो की हात पुढे करायचे, मी बांधून द्यायचो. स्ट्रेचरवर तो हात चादरीबाहेर राहिला होता. चिंधी तशीच होती. गाठ मी मारतो तशी नव्हती. एक टोक पिळून चपटं झालं होतं, धागे निघाले होते, त्यावर दाताच्या खुणा होत्या. दुसऱ्या हातानं आणि दातांनी ओढलेली गाठ. उसाचा रस वाळून ती कडक झाली होती. मी तिच्याकडे बघत बसलो होतो. डॉक्टर सही मागायला आले तेव्हाही मी तिच्याकडेच बघत होतो. मला वाटायचं, बाप मेला असताना आपण चिंधी बघत बसलो, म्हणजे आपल्यात काहीतरी कमी आहे. हे मी मॅडमना शेवटी सांगितलं.

मॅडमनी हात हळूच टेबलावर टेकवला. आवाज झाला नाही.

"ते लिही," त्या म्हणाल्या. चहा निवला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला.

मी विभागातच बसून लिहिलं. शेवटी मी दोन ओळी जोडल्या होत्या: अशा किती बापांची, किती गावांत, अशीच गाठ. मॅडमनी त्या ऐकल्या आणि टेकवलेला हात परत डोक्यावर नेला. "अरे, आत्ता तर पोचवलंस मला. परत का उचलतोस? गाठीपाशीच ठेव."

"पण ते गेले हे कुठंच आलं नाही."

"सभेत कुणाला माहीत नाही ते गेले? ते सांगायला माणूस लागत नाही. ते तिथं होते हे सांग."

एकाच शब्दावर त्यांनी मला अडवलं. गाठ मी पाहिली तेव्हा वाळलेली होती. मी लिहिलं होतं, ओली. "हे बदललंस का?"

"कवितेत ते आत्ता बांधतायत," मी म्हणालो.

त्यांनी रिकामा कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "एवढं घे."

सभा झाल्यावर मी त्यांना पत्र पाठवलं. त्यांच्याकडे फोन होता, माझ्याकडेही होता, पण हे फोनवर सांगता आलं नसतं. मी काय पाठवलं ते मला शब्द न् शब्द आठवतं, म्हणून इथं उतरवतो.

आदरणीय मॅडम,

सभा काल झाली. शाळेच्या पटांगणात मांडव होता. बायका कमी येतात, पण माय आली आणि पुढे बसली. सेक्रेटरींनी श्रद्धांजलीचं पान वाचायला घेतलं, पण त्याआधी मला माईक दिला आणि कानात म्हणाले, "आटपतं घे." मी तुम्ही ऐकली तशीच वाचली. पक्की प्रत तुमच्याकडे नाही, म्हणून खाली देतो.

बांधावरून दिसतात हिरव्या जाळ्या,
माळावर कुणी लुगडी वाळत घातल्यासारख्या.
आवाज एकच, कडबाकुट्टीचा, थांबत थांबत.

उतार संपला की फाटक, फाटकावर फलक,
संस्थेचं नाव, अध्यक्षांचं नाव.
त्याखालून गुरं जातात, माणसं जातात.

आत दावणी. पहिली, दुसरी.
तिसऱ्या दावणीच्या टोकाला
एक गाय, दात झिजलेली.

गाईच्या गळ्यात दावं.
दावं खाली येतं,
एका मांडीखाली दाबलेलं.

मांडीवर ऊस.
उसावर विळा.
विळ्यामागे अंगठा.

अंगठ्याला चिंधी.
चिंधीला गाठ,
दातांनी ओढलेली,
ओली.

फलकाच्या ओळीला चेअरमनसाहेबांनी मान हलवली. दावणी आल्या तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "तिसरी आमचीच की." तो शेजारचा धनगर होता. वाचून झाल्यावर लोकांना कळलं नाही की संपली. टाळ्या वाजवायच्या का उभं राहायचं, हे कुणालाच कळेना. सेक्रेटरी पुढे आले आणि पान वाचू लागले. "ज्ञात" म्हणून ते थांबले, मायकडे पाहिलं. मग "अज्ञात" पण म्हणाले. छापलेलं होतं, म्हणून वाचलं. सगळे उभे राहिले. मला रडू आलं नाही. तुम्ही ते कधी विचारलं नाहीत, म्हणून सांगतो.

घरी येताना माय म्हणाली, "दातानं गाठ मारली म्हंजी संगं कुणीच नव्हतं." मी म्हणालो, नव्हतं.

आज सकाळी ती म्हणाली, चल. आम्ही बांधावर गेलो. छावणी मोडून टाकली आहे हे तुम्हाला माहीत आहे. पाऊस झाल्यापासून माळावर गुडघाभर गवत आहे. जाळ्या नाहीत, फाटक नाही, मशीन नाही. मला वाटलं, ती बांधावरून बघून परत फिरेल. ती उभी राहिली, मग हात लांब करून म्हणाली, "मशीन तकडं वाजायचं व्हय?" मी हो म्हणालो. पुढची वाट तिनं मला विचारली नाही. उतरली. फाटक जिथं होतं तिथून वाकून गेली, फलक डोक्याला लागेल असं समजून. गवतात खुंट्यांचे खड्डे होते. तिनं पायानं चाचपत एक दावण ओलांडली, दुसरी ओलांडली आणि तिसरीच्या टोकाला जाऊन खाली बसली. मॅडम, जागा तीच होती. मी तिला दाखवली नव्हती.

मीही बसलो. ती म्हणाली, "गाय कुणीकडं त्वांड करून आसायची?" मी म्हणालो, बांधाकडे. "मंग ते बी बांधाकडंच बघून बसायचे." मी म्हणालो, हो, मी बांधावर आलो की त्यांना लांबूनच कळायचं. ती तशी वळून बसली. आम्ही बराच वेळ तिथं होतो, मग शेळ्यांची वेळ झाली म्हणून ती उठली.

गाईचं तोंड कुणीकडे होतं, हे कवितेत मी लिहिलेलं नाही. लिहिलं तर नजर गाठीवरून परत बांधाकडे जाईल आणि तुम्ही वर जायचं नाही म्हणाला होतात. पण ते खरंच तिकडे बघून बसायचे. घालावं का, आणि घातलं तर कुठल्या ओळीत, ते कळवावं. तोवर मी ती आहे तशीच ठेवतो.

आपला विद्यार्थी